रात्री ११:४० चा मेसेज

रात्रीचे ११:४० झालेत. मनोविकारशास्त्रात एमडी करणारी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर वॉर्डातून नुकतीच खोलीवर आली आहे आणि गार झालेला डबा उघडून बसली आहे. टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनवर मेसेज येतो : ‘मॅडम, झोपलात का? उद्यापासून गोळ्या बंद करते. काही उपयोग नाही.’ पाठवणारी चोवीस वर्षांची मुलगी आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिला वॉर्डातून घरी सोडलं, तेव्हा तिचे वडील फारच घाबरलेले दिसले म्हणून रेसिडेंटनं आपला स्वतःचा नंबर केसपेपरच्या मागे लिहून दिला होता. पाऊणेबाराला ती फोन उचलते, भावाच्या लग्नातले दोन फोटो स्टेटसला टाकते, आईला ‘जेवले’ असं कळवते आणि झोपते. मुलीचा मेसेज वीस-पंचवीस न वाचलेल्या मेसेजांच्या खाली गेलेला असतो. मुलीला मात्र आपल्या फोनवर एवढंच दिसतं, की मॅडम ऑनलाइन आल्या, नटूनथटून हसतानाचे फोटो टाकले आणि आपल्याला उत्तर दिलं नाही.

हा प्रसंग मी रचलेला आहे. या लेखातली सगळीच उदाहरणं रचलेली आहेत, कारण खऱ्या रुग्णाची एखादी खूण जरी इथे आली, तरी ज्या गोष्टीपासून मी रेसिडेंटना सावध करते, तीच माझ्या हातून घडेल. पण मनोविकार विभागात शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हा प्रसंग ओळखीचा वाटेल. आमच्या विभागासाठी सोशल मीडियाच्या धोरणाचा मसुदा लिहायला बसले, तेव्हा सुरुवात याच मेसेजपासून केली. असल्या धोरणांत ‘व्यावसायिक मर्यादा पाळाव्यात’ असं वाक्य असतंच. पण थकलेल्या, सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला त्या वाक्यावरून रात्री पाऊणेबाराला नेमकं काय करावं हे कळत नाही. म्हणून प्रत्येक कलमात ‘काय करू नये’च्या पाठोपाठ ‘मग काय करावं’ हे आलंच पाहिजे, एवढी एक अट मी स्वतःला घातली.

मर्यादा तर सगळ्याच डॉक्टरांना असतात. हाडांच्या डॉक्टरांनी पेशंटची फ्रेंड रिक्वेस्ट घेतली तर फारसं बिघडत नाही. आमच्याकडे बिघडतं, आणि त्याचं कारण उपचारातच आहे. माणूस सख्ख्या बहिणीला सांगणार नाही ते आम्हाला सांगतो. सांगता सांगता वडिलांवरचा राग, सोडून गेलेल्या माणसाबद्दलची ओढ, ‘मी कुणाला नकोच आहे’ ही जुनी खात्री, हे सगळं तो नकळत समोरच्या डॉक्टरवर लादतो. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. ते ओळखणं आणि रुग्णाला हळूहळू दाखवून देणं हा उपचाराचा भाग असतो, आणि त्यासाठी डॉक्टर थोडा अनोळखी राहावा लागतो. त्याच्या घरातलं लग्न, त्याचं राजकारण, त्याचा रविवार रुग्णासमोर उघडा पडला, की रुग्ण काय बोलायचं आणि काय गाळायचं ते त्यावरून ठरवू लागतो. मॅडमच्या घरी नुकतंच लग्न झालंय हे माहीत असलेली मुलगी आपलं मोडलेलं लग्न सांगताना अडखळते.

गुथिल आणि गॅबार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ साली यात एक उपयोगी फरक केला. सीमा ओलांडली जाणं वेगळं आणि ती मोडणं वेगळं. संक्रांतीला आजींनी डब्यातून आणलेला तिळाचा लाडू डॉक्टरनं घेतला, तर सीमा ओलांडली जाते. त्यानं नुकसान होत नाही, उलट नकार दिला तर होईल. रुग्णाला इजा होते किंवा त्याचा वापर करून घेतला जातो, तेव्हा सीमा मोडते. खोलीत बसलेला डॉक्टर हा फरक बघू शकतो, कारण लाडू समोर असतो. फोनमध्ये मात्र सीमा कुणाच्याही नकळत ओलांडली जाते. २०१६ साली काश्मीर हिल या अमेरिकन पत्रकार बाईंनी एका मनोविकारतज्ज्ञांची हकीकत छापली होती. त्या डॉक्टर फेसबुक क्वचितच वापरत आणि एकाही रुग्णाशी तिथे जोडलेल्या नव्हत्या. तरी तिशीतल्या एका रुग्णाला फेसबुक ‘तुमच्या ओळखीचे असतील’ म्हणून साठी-सत्तरीतली माणसं सुचवू लागलं. हे बहुधा तुमचेच पेशंट असतील, असं त्यानं डॉक्टरांना हसत हसत सांगितलं आणि यादी दाखवली. त्यात खरोखरच त्यांचे बरेच रुग्ण होते. फेसबुकनं हे कसं जुळवलं ते उघड झालं नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये एकाच डॉक्टरांचा नंबर असणं हा सगळ्यात सरळ अंदाज. मानसोपचाराच्या प्रतीक्षाकक्षात माणसं एकमेकांकडे बघायचंही टाळतात. इथे फोनच त्यांची ओळख करून देत होता.

म्हणून मसुद्याचं पहिलं कलम नंबराचं आहे.

‘रेसिडेंट स्वतःचा मोबाइल नंबर रुग्णाला किंवा नातेवाइकांना देणार नाहीत. विभागाचा एक ड्युटी फोन असेल. तो त्या दिवशीच्या ड्युटी रेसिडेंटकडे राहील आणि रोज सकाळच्या राउंडला पुढच्याकडे दिला जाईल. घरी सोडताना हाच नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहिला जाईल.’

एका सहकाऱ्यांनी विचारलं, फोनचा खर्च कुणी करायचा? विभागानं. विभाग फोन देणार नसेल, तर रेसिडेंटला ‘नंबर देऊ नकोस’ सांगायचा त्याला अधिकार नाही, कारण वॉर्डातला लँडलाइन महिनोन्‌महिने बंद असतो आणि घाबरलेला बाप समोर उभा असतो. नंबर दिला जातो तो अशा वेळी, चांगुलपणातून.

ड्युटी फोनवर कामाच्या वेळेनंतर आपोआप जाणारं उत्तर आम्ही शब्द न्‌ शब्द ठरवलं : ‘हा मनोविकार विभागाचा फोन आहे. मेसेज सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत वाचले जातात. यानंतर आलेला मेसेज पुढच्या कामाच्या दिवशी वाचला जाईल. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल तर उत्तराची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा किंवा १४४१६ या नंबरवर फोन करा.’ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली, तिथे रात्रंदिवस आणि मोफत बोलता येतं. पहिल्या खर्ड्यात ‘आपला मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं एक वाक्य होतं. ते काढलं. वाचायला कुणी नसताना ते वाक्य खोटं ठरतं, आणि आमच्या रुग्णांना असलं खोटं लगेच कळतं.

आता ११:४० च्या मेसेजकडे परत जाऊ. समजा नंबर दिला गेलेलाच आहे आणि रेसिडेंटनं मेसेज सकाळी साडेसहाला पाहिला. उत्तर टाइप करत बसू नये, फोन लावावा. ‘गोळ्या बंद करते, काही उपयोग नाही’ यात उपयोग गोळ्यांचा नाही की जगण्याचा नाही, हे लिहून कळत नाही, आवाजावरून कळतं. आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. मुलीनं फोन उचलला नाही, तर वडिलांना लावावा. इथे रेसिडेंट हमखास अडखळतात, की गोपनीयतेचं काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याचे अपवादही आहेत. जिवावरचा धोका टाळायला जेवढी माहिती देणं गरजेचं, तेवढी देता येते. ‘तेवढी’ हा शब्द धरून ठेवायचा. वडिलांना सांगायचं, ‘तिच्याजवळ थांबा, तिला एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा तुमच्याकडे घ्या आणि तिला आत्ता इकडे घेऊन या.’ ती कुणाबद्दल काय बोलली होती ते सांगायचं नाही. मग युनिटच्या वरिष्ठांना फोन, आणि मेसेज किती वाजता आला, आपण किती वाजता पाहिला, काय केलं, हे केसपेपरवर. आपण सात तास उशिरा पाहिला हेसुद्धा लिहायचं.

मुलगी आली की बोलायची एक गोष्ट उरते. रेसिडेंट मनातून इतकी ओशाळलेली असते, की ‘सॉरी गं, पाहिलाच नाही’ म्हणून विषय मिटवते आणि पुन्हा असं झालं तर म्हणून जास्तच उपलब्ध होते. पंधरा दिवसांत रात्री तासतासभर मेसेज सुरू होतात. याची खूण सोपी आहे : रेसिडेंट त्या मेसेजांबद्दल युनिटमध्ये बोलेनाशी होते. बोलायचं ते असं : ‘तू मेसेज केलास, मी ऑनलाइन दिसले आणि उत्तर आलं नाही. तेव्हा तुला काय वाटलं?’ त्यातून जे निघतं, ते या मुलीच्या बाबतीत गोळ्यांपेक्षा कमी मोलाचं नसतं. त्यानंतर ड्युटी फोनचा नंबर द्यायचा आणि स्वतःचा नंबर इथून पुढे वापरायचा नाही, हे कारणासकट सांगायचं.

फ्रेंड रिक्वेस्टचंही तेच. रिक्वेस्ट घ्यायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती तशीच पडू देतात. मसुद्यात लिहिलंय, की पुढच्या भेटीत डॉक्टरनं आपणहून विषय काढावा : ‘तुमची रिक्वेस्ट आली होती. मी कुठल्याच पेशंटची घेत नाही. इथे तुम्ही जे बोलता ते या खोलीतच राहावं म्हणून.’ तालुक्याच्या गावात याला अर्थातच मुरड घालावी लागते. तिथे डॉक्टर आणि पेशंट एकाच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये आधीपासून असतात. ग्रुप सोडला तर गाव विचारेल, का सोडला? तिथे ग्रुपमध्ये राहावं, पण तब्येतीबद्दल एक शब्दही लिहू नये. ‘बरं आहे ना आता?’ एवढंही नाही.

दुसरं कलम पोस्टबद्दल आहे, आणि त्यावर विभागात सगळ्यात जास्त वाद झाला. उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाचा एक रेसिडेंट लिहितो : ‘आज ओपीडीत चाळिशीतले एक प्राथमिक शिक्षक आले. उन्हाळ्यात बदली झाली तेव्हापासून झोप नाही. पत्नी नर्स, ती दुसऱ्या गावी. सहा आठवड्यांनी आज ते पहिल्यांदा हसले. नैराश्य बरं होतं. मदत मागा.’ नाव नाही, गाव नाही, हेतू चांगला. तीनशे जणांनी बदाम टाकले.

आता मोजू. रेसिडेंटच्या प्रोफाइलवर कॉलेजचं नाव आहे, म्हणजे जिल्हा कळला. ओपीडीत सहज येऊ शकतील अशा जवळच्या तालुक्यात सहाशे प्राथमिक शिक्षक आहेत असं धरा. त्यातले पुरुष तीनशे. चाळिशीतले शंभर. यंदा बदली झालेले दहा. पत्नी नर्स आणि ती दुसऱ्या गावी राहते, असा एक. पाच निरुपद्रवी तपशिलांत सहाशेतून एक माणूस उरला. आणि हे हिशेब करणाऱ्या अनोळखी माणसासाठी. केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हिशेबाचीही गरज नाही, ते वाचताक्षणी म्हणतील, हे तर आपले गुरुजी. ओळख नावातून पटते असं आपण धरून चालतो. खरं तर ती जुळणीतून पटते.

‘ही रुग्णाची परवानगी घेऊन टाकली होती’ असं कधी कधी सांगितलं जातं. ज्या डॉक्टरच्या हातात आपली पुढची चिठ्ठी आहे, त्याला समोरासमोर ‘नको’ म्हणणं किती जणांना जमतं? शिवाय परवानगी मागे घेता येते, स्क्रीनशॉट मागे घेता येत नाही. कायदाही इथे स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं, की उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही आणि डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही गोपनीयता लागू आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला आणलेल्या नियमांत डॉक्टरांच्या सोशल मीडियावर स्वतंत्र सूचना होत्या, पण त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. त्या जुन्या नियमांतही रुग्णाची गुपितं न फोडण्याचं बंधन आहेच. स्क्रीनवर काय करायचं हे मात्र ज्यानं त्यानं, म्हणजे विभागानंच, ठरवायचं उरतं.

आम्ही ठरवलेलं कलम असं : ‘कोणत्याही एका रुग्णाबद्दल, नाव गाळूनही, पोस्ट करायची नाही. आजाराबद्दल लिहावं, त्या दिवशीच्या ओपीडीबद्दल लिहू नये. उदाहरण हवं असेल तर ते पूर्ण रचलेलं असावं आणि ते रचलेलं आहे हे तिथेच लिहावं. डॉक्टरांच्या बंद ग्रुपमध्ये सल्ला विचारताना केसपेपरचा किंवा चेहऱ्याचा फोटो टाकायचा नाही. वय, लक्षणं, औषधं आणि प्रश्न एवढंच लिहायचं.’ बंद ग्रुप बंद नसतो, हे रेसिडेंटना एकदा करून दाखवावं लागतं. अडीचशे जणांच्या ग्रुपमध्ये टाकलेला फोटो बऱ्याच फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून बॅकअपमध्ये जातो आणि घरातल्या टॅबवर कुणाच्या तरी मुलाला कार्टून बघताना दिसतो.

शिक्षकांची ती पोस्ट पडून गेलीच असेल तर? ताबडतोब काढायची, त्याच दिवशी युनिटप्रमुखांना सांगायचं, कुणी पुढे पाठवली असेल तर त्यांना काढायला सांगायचं. रेसिडेंटनं एकट्यानं गुरुजींना फोन करून माफी मागायची नाही, कारण त्या माफीत बहुतेक वेळा ‘तक्रार करू नका’ ही विनवणी मिसळलेली असते. पुढच्या भेटीत वरिष्ठांनी रेसिडेंटला सोबत घेऊन सांगायचं : असं लिहिलं गेलं होतं, इतका वेळ ते दिसत होतं, आता काढलं आहे, तुम्हाला तक्रार करायची असेल तर ती इथे करता येते, आणि उपचारावर त्याचा काही परिणाम होणार नाही. गुरुजींना दुसरे डॉक्टर हवे असतील तर ते द्यायचे.

वाद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, रेसिडेंटनी सोशल मीडियावर लिहूच नये. मला ते पटलं नाही. डॉक्टर गप्प बसले की ती जागा नैराश्य सात दिवसांत घालवून देणारे भरतात. शेवटी मसुद्यात विभागावरही बंधनं आली : विभाग कुणाचं खाजगी खातं तपासणार नाही, पासवर्ड मागणार नाही, रेसिडेंटच्या लग्नाच्या फोटोंवर किंवा मतांवर मत देणार नाही. आणि चूक चोवीस तासांत स्वतःहून सांगितली तर पहिल्या वेळी शिक्षा नाही, शिकवणी. चूक लपवावीशी वाटेल असं धोरण केलं, तर चुका कमी होत नाहीत, फक्त कळेनाशा होतात.

प्रसिद्ध व्यक्तींबद्दल एक छोटं कलम आहे : न तपासलेल्या माणसाचं निदान रीलमध्ये करायचं नाही. याला गोल्डवॉटर नियम म्हणतात. १९६४ साली ‘फॅक्ट’ या अमेरिकन मासिकानं अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मनःस्थितीबद्दल मनोविकारतज्ज्ञांची मतं मागवली आणि हजाराहून जास्त जणांनी त्यांना कधीही न भेटता अपात्र ठरवलं. पुढे मासिक खटला हरलं, आणि १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं हा नियम केला.

तिसरा प्रश्न उलट दिशेचा. रुग्ण डॉक्टरला शोधतो तसा डॉक्टरनं रुग्णाला शोधावं का? दारू सोडायला आलेला तरुण सांगतो, चार महिने थेंब घेतला नाही. रेसिडेंटला शंका येते, तो रात्री त्याचं इन्स्टाग्राम बघतो, हातात ग्लास असलेला गेल्या आठवड्यातला फोटो सापडतो. पुढच्या भेटीत तो म्हणतो, ‘खरं सांगताय ना?’ तरुणाला कळतं, की याला काहीतरी कुठून तरी कळलंय. फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता, मित्राच्या वाढदिवसाला आठवण म्हणून पुन्हा टाकलेला. तरुण पुन्हा येत नाही. रेसिडेंटला आपण कुठे चुकलो तेही कळत नाही, कारण आपण बघितलं हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नसतं.

२०१० साली क्लिंटन, सिल्व्हरमन आणि ब्रेंडेल यांनी असं शोधण्याआधी डॉक्टरनं स्वतःला विचारायचे प्रश्न मांडले : मला हे का शोधायचंय, यानं उपचाराला मदत होईल की बाधा, रुग्णाची संमती घ्यावी का, सापडलेलं त्याला सांगावं का, नोंदवावं का. रेसिडेंटला लक्षात राहावं म्हणून आम्ही एकच कसोटी ठेवली : ‘मी हे शोधलं’ असं केसपेपरवर तारीख-वेळ घालून लिहायची तयारी असेल तरच शोधायचं. वॉर्डातून निघून गेलेल्या रुग्णानं निरोपाची पोस्ट टाकली आहे असं भावानं कळवलं, तर लगेच बघायचं आणि लिहायचं. दारूच्या शंकेसाठी रेसिडेंट असं लिहू शकेल का? नाही. मग तरुणालाच विचारायचं, आणि गरज वाटली तर रक्ततपासणी त्याला सांगून करायची. मॅनियाच्या भरात रात्रभर लाइव्ह जाणाऱ्या रुग्णाच्या पोस्ट बघा, असं घरचे सांगतात, तेव्हा ओपीडीत त्याच्याच फोनवर, त्याच्या शेजारी बसून बघायच्या. आजार उतरल्यावर त्या पोस्टची त्याला लाज वाटणार असते. त्यातलं काय काढायचं, ते तेव्हा त्याच्याबरोबर ठरवता येतं.

शेवटचं कलम मसुदा वाचून एका तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटनं सुचवलं. तिचा प्रश्न होता, ‘मॅडम, तीन वर्षं संपली की आम्ही जातो. ड्युटी फोन इथेच राहतो. पेशंट मला म्हणून लिहील आणि वाचेल दुसरंच कुणी.’ हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आता मसुद्यात आहे : हा फोन विभागाचा आहे आणि त्यावरचं लिहिलेलं त्या दिवशीचा कुणीही ड्युटी डॉक्टर वाचतो, हे नंबर देतानाच सांगायचं. जाण्याच्या दोन महिने आधी प्रत्येक रेसिडेंटनं आपल्या नियमित रुग्णांना तारीख सांगायची, नव्या डॉक्टरांना त्याच खोलीत बोलावून ओळख करून द्यायची आणि तशी नोंद करायची. रुग्णांनी नवा नंबर मागितला तर काय म्हणायचं, तेही तिनंच लिहून दिलं : ‘नंबर देणार नाही. पण तुम्ही कशा आहात ते यांना माहीत आहे. पुढच्या मंगळवारी यांच्याकडेच या.’